रात्रीत सुजलेला पायाचा अंगठा: गाऊट, आहार आणि युरिक ॲसिडच्या तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री झोपताना काहीच नव्हतं. पहाटे पायाचा अंगठा लालबुंद, पाय टेकवताही येत नाही. हा गाऊटच का?

बहुतेक वेळा हो. अंगठा जिथे पावलाला जोडला जातो तो सांधा काही तासांत टम्म सुजतो. कातडी लाल, चकचकीत आणि हाताला गरम लागते. दुखणं एवढं असतं की अंगावरची चादर अंगठ्याला लागलेलीही सोसत नाही. आमच्याकडे येणारा पेशंट एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात चप्पल घालून, तीही अर्धवट अडकवून, कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून येतो. ते बघूनच निम्मं निदान होतं.

गाऊटची खूण म्हणजे वेग. दुखणं सुरू झाल्यापासून 12 ते 24 तासांत ते शिगेला पोचतं. औषध घेतलं नाही तरी आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं आणि मग मधले काही महिने माणूस अगदी ठणठणीत असतो. महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेलेलं, चालल्यावर दुखणारं आणि बसल्यावर थांबणारं दुखणं असेल तर ते सांध्याच्या झिजेचं असण्याची शक्यता जास्त.

मार लागला नाही, काही चावलं नाही. मग हे आलं कुठून?

शरीरातल्या पेशी रोज मोडतात आणि नव्या होतात. त्यातून, आणि काही प्रमाणात अन्नातून, प्युरिन नावाचे घटक सुटतात. त्यांचं शेवटी युरिक ॲसिड होतं. ते मुख्यतः लघवीवाटे आणि थोडं शौचावाटे बाहेर जातं. रक्तात हे साधारण 6.8 मिलिग्रॅमपर्यंत (दर 100 मिलिलिटरमागे) विरघळून राहू शकतं. त्यापुढे अनेक वर्षं राहिलं, तर सांध्यात त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक साचायला लागतात. पाय हा शरीराचा थंड भाग असल्याने तिथे ते लवकर साचतात. म्हणून पहिला मान अंगठ्याचा.

स्फटिक साचत असताना काहीच कळत नाही. एखाद्या दिवशी त्यातले थोडे सुटे होतात, संरक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि सांध्यात वणवा पेटतो. म्हणजे अटॅक एका रात्रीचा दिसला तरी तयारी जुनी असते. बहुतेकांचा दोष "जास्त तयार होतं" हा नसून "मूत्रपिंडातून कमी बाहेर पडतं" हा असतो, आणि तो बऱ्याच अंशी घराण्यातून आलेला असतो. वडिलांचा किंवा काकांचा अंगठा असाच सुजायचा का, हे घरी विचारून बघा.

पहिल्या रात्री घरी काय करू?

पाय उशीवर उंच ठेवून पडून राहा आणि अंगठ्यावर वजन देऊ नका. बर्फ फडक्यात गुंडाळून 15–20 मिनिटं ठेवा आणि दर काही तासांनी पुन्हा ठेवा. गाऊटच्या सांध्याला गार शेकाने खरोखर उतार पडतो. आपल्या घरांत मात्र पहिल्यांदा गरम पाण्याची पिशवी, तेल लावून चोळणं किंवा आंबेहळदीचा कढत लेप असे उपाय सुचतात. हे तिन्ही या रात्री नकोत. चोळल्याने सूज वाढते, आणि लचक समजून घट्ट बांधलेली पट्टी तासाभरात स्वतःच काढून टाकावी लागते.

पाणी नेहमीसारखं भरपूर प्या, मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर ते प्रमाण पाळा. दारू बंद. डोकेदुखीवरची ॲस्पिरिनची गोळी दुखण्यासाठी घेऊ नका. पॅरासिटामॉल सुरक्षित आहे, पण या दुखण्यापुढे ते तोकडं पडतं. शेजाऱ्याला लागू पडलेली वेदनाशामक गोळीही तशीच घेऊ नका, कारण पुढच्या उत्तरात आहे.

डॉक्टर कोणती औषधं देतात?

पर्याय तीन, आणि तिन्ही चांगले. तुमच्यासाठी कुठला, हे तुमच्या बाकीच्या आजारांवरून ठरतं.

पहिला गट सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांचा: नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, एटोरिकॉक्सिब वगैरे. पूर्ण डोसमध्ये थोडे दिवस दिली की फरक लवकर पडतो. मूत्रपिंड कमजोर असेल, अल्सर होऊन गेला असेल, हृदय कमजोर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा गट टाळतात. दुकानातून स्वतः आणून घेऊ नका म्हणतो ते यासाठी.

दुसरं कोल्चिसिन. जुनं, स्वस्त औषध, पण लवकर घेतलं तरच चांगलं चालतं, शक्यतो पहिल्या 24 तासांत आणि फार तर 36 तासांत. आपल्याकडे अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी मिळते. नेहमीची पद्धत म्हणजे आधी दोन गोळ्या, तासाभराने एक, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज एक किंवा दोन, दुखणं थांबेपर्यंत. पूर्वी जुलाब लागेपर्यंत दर तासाला गोळी द्यायचे. ती पद्धत आता सोडलेली आहे, कारण फायदा तेवढाच आणि हाल दुप्पट. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल, तर कोल्चिसिन अंगात साठून जिवावर बेतू शकतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा.

तिसरा पर्याय स्टेरॉइड: प्रेडनिसोलोन, रोज साधारण 30 मिलिग्रॅम, पाच दिवस. "स्टेरॉइड" म्हटलं की पेशंट दचकतात, पण एवढ्या थोड्या दिवसांसाठी मूत्रपिंडाच्या रुग्णाला बहुतेक वेळा हाच पर्याय बरा पडतो. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर वाढते, ती रोज मोजावी लागते.

कुठल्या वेळी सकाळपर्यंतही थांबायचं नाही?

थंडी वाजून ताप आला असेल, सांध्याजवळ जखम, फोड किंवा चिघळलेलं नख असेल, लाली पावलावरून वर सरकत असेल, किंवा मधुमेह असून पायाची संवेदना कमी असेल तर. सांध्यात पू झाला तरी तो असाच लाल आणि गरम दिसतो. पू झालेला सांधा काही दिवसांत कायमचा खराब होतो, आणि त्यावर घरी स्टेरॉइड घेतलं तर आगीत तेल. शंका असली की सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासतात. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक दिसले तर गाऊट पक्का, आणि त्याच पाण्यातून जंतूंची तपासणीही होते. निदानाची सगळ्यात खात्रीची पद्धत हीच. अंगठ्याचा सांधा लहान असल्याने आणि लक्षणं ठळक असल्याने दर वेळी ती करत नाहीत, इतकंच.

अंगठा सुजलेला असताना रक्त तपासलं तर युरिक ॲसिड नॉर्मल आलं. म्हणजे गाऊट नाही ना?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून हे उदाहरणाने सांगतो. माणूस नमुन्यादाखल आहे, पण अशी कहाणी ओपीडीत नेहमी ऐकू येते.

कोल्हापूरकडचे 48 वर्षांचे एक दुकानदार धरा. रक्तदाबाची गोळी चालू आहे. रविवारी दुपारी मटण आणि रस्सा, रात्री मित्रांबरोबर बिअर. सोमवारी पहाटे उजवा अंगठा पेटला. मंगळवारी रक्त दिलं, युरिक ॲसिड 6.3. रिपोर्टवर ठळक काही नाही. "युरिक ॲसिड नॉर्मल आहे, लचकलं असेल" असं ठरलं, अँटिबायोटिक आणि क्रेप बँडेज मिळालं. दहा दिवसांत अंगठा उतरला. श्रेय बँडेजला गेलं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका कारणाने रक्त तपासलं तेव्हा युरिक ॲसिड 8.7. खरा आकडा हा. अटॅक चालू असताना दाहामुळे मूत्रपिंडं जास्त युरिक ॲसिड बाहेर टाकतात आणि रक्तातली पातळी तात्पुरती खाली येते. त्यामुळे दुखत असतानाचा वाढलेला आकडा गाऊटच्या बाजूने बोलतो, पण नॉर्मल आकड्यावरून गाऊट नाही असं म्हणता येत नाही. अटॅक पूर्ण ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची.

उलट बाजूही लक्षात ठेवा. युरिक ॲसिड वाढलेल्या माणसाचं प्रत्येक दुखणं गाऊटचं नसतं. मान, कंबर किंवा टाच वर्षानुवर्षं दुखते आणि रिपोर्ट 7.4 आला, म्हणून त्या टाचेला गाऊट म्हणता येत नाही.

तपासणी कशी करायची? उपाशीपोटी जावं लागतं का?

साधी रक्त तपासणी आहे, नाव "सीरम युरिक ॲसिड". केवळ तिच्यासाठी उपाशी राहायची सक्ती नाही. बरोबर साखर आणि चरबीची तपासणी करायची असेल तर तेवढ्यासाठी सकाळी उपाशीपोटी जा. आदल्या दिवशी दारू किंवा कडक उपवास नको, दोन्हींमुळे आकडा चढतो. याच रक्तात क्रिएटिनिन मागा, कारण मूत्रपिंड किती काम करतंय ते कळल्याशिवाय औषधाचा डोस ठरत नाही.

रिपोर्टवरच्या "नॉर्मल रेंज"नेही फसगत होते. बऱ्याच लॅब पुरुषांसाठी 7.2 पर्यंत नॉर्मल छापतात. ही मर्यादा निरोगी लोकांच्या आकड्यांवरून काढलेली असते. स्फटिक मात्र 6.8 च्या पुढे बनतात, आणि गाऊट झालेल्या माणसाने 6 च्या खाली राहायचं असतं. त्यामुळे गाऊटच्या पेशंटचा 7.0 हा आकडा लॅबच्या कागदावर नॉर्मल असला तरी त्याच्यासाठी जास्तच आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मुलांनी रिपोर्ट पाठवला आणि त्यात 420 लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. तिथलं माप वेगळं आहे. त्या मापात 360 म्हणजे आपले 6, आणि 420 म्हणजे साधारण 7.

पहिल्या अटॅकमध्ये एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो. त्याचा उपयोग फ्रॅक्चर नाही ना हे बघण्यापुरता.

मला कधीच दुखलं नाही. फुल बॉडी चेकअपमध्ये 7.8 आलं. गोळी सुरू करू?

बहुतेकांना नको. युरिक ॲसिड वाढलेल्या अनेकांना आयुष्यात गाऊट होत नाही, आणि केवळ आकडा खाली आणण्यासाठी रोज गोळी घेतल्याने बहुतेकांचा फायदा होत नाही. वजन, रक्तदाब, साखर आणि मूत्रपिंड बघा. दारू आणि गोड पेयं कमी करा. पॅकेजमध्ये स्वस्तात मिळाली म्हणून झालेल्या तपासणीवरून सुरू झालेल्या गोळ्या मी बऱ्याच पाहतो आणि त्यातल्या बऱ्याच बंद करता येतात. अर्थात गोळी कशासाठी दिली होती हे विचारल्यानंतरच, परस्पर नाही.

डाळ, पालक, टोमॅटो, वांगं सगळं बंद करायला सांगितलंय. खायचं तरी काय?

वरण-भात खा. डाळी, कडधान्यं, पालक, फ्लॉवर, मशरूम यांत प्युरिन असतं हे खरं, म्हणून जुन्या यादीत त्यांच्यावर फुली असायची. अमेरिकेत हजारो पुरुषांचा 12 वर्षं माग ठेवून केलेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त आढळला. प्युरिन असलेल्या भाज्या आणि डाळी खाणाऱ्यांत तो वाढलेला नव्हता. दुधाचे पदार्थ खाणाऱ्यांत तर कमी होता. शाकाहारी माणसाची डाळ बंद केली की त्याची प्रथिनं जातात, पोट भरायला तो भात आणि साखर वाढवतो, आणि वजन चढतं. मग युरिक ॲसिड उतरणार कुठून?

टोमॅटोत प्युरिन फारच कमी असतं. काहींना टोमॅटोने दुखणं उठतं असं वाटतं. तुम्हाला तसा अनुभव पुन्हा पुन्हा आला असेल तर सोडा, पण सगळ्या घराचं सार बंद करायचं कारण नाही. आंबट खाल्ल्याने युरिक ॲसिड वाढतं हाही समज चुकीचा. लिंबू आणि आवळा खुशाल खा.

मग खरोखर कमी काय करायचं?

सगळ्यात आधी बिअर. तिच्यात दारूही आहे आणि प्युरिनही, म्हणून ती दुहेरी मारते. व्हिस्की-रमनेही धोका वाढतो. त्यानंतर कलेजी, भेजा, वजडी, गुर्दा. हे अवयव प्युरिनने भरलेले असतात, ते सोडलेलेच बरे. मटण पूर्ण बंद करायची गरज नाही, पण रविवारचं मटण बुधवारीही होत असेल तर ते रविवारपुरतं ठेवा, आणि रस्सा वाटीने पिणं थांबवा, कारण शिजताना प्युरिन पाण्यात उतरतं.

कोकण-गोव्याच्या वाचकांचा प्रश्न माशांचा असतो. तारली, बांगडा, मांदेली, सुकट, कोळंबी आणि तिसऱ्या यांत प्युरिन बरंच असतं. रोजच्या ताटातून हे कमी करा, आठवड्यात एखाद्या वेळी थोडं चालेल. अटॅक चालू असताना मात्र अजिबात नको.

एका गोष्टीकडे लोकांचं लक्षच जात नाही: साखर. बाटलीबंद थंड पेयं, पॅकेटमधला फळांचा रस, उसाचा रस, सरबतं. साखरेतलं फ्रुक्टोज पचताना शरीरात युरिक ॲसिड तयार होतं. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या शाकाहारी माणसाला गाऊट झाला की मी रोज किती गोड पेयं होतात ते विचारतो.

उपवासाचंही सांभाळा. निर्जळी उपवास किंवा झटपट वजन उतरवायचा प्रयोग केला की चरबी जळताना तयार होणारे पदार्थ मूत्रपिंडात युरिक ॲसिडची वाट अडवतात, आणि नवरात्रात अंगठा सुजतो. वजन उतरवाच, पण महिन्याला एक-दोन किलोच्या बेताने. ताक, दूध, अंडी, कॉफी चालते. दुधाची साय काढली तर अधिक चांगलं.

हे सगळं काटेकोर पाळलं तर आकडा साधारण एकाने उतरतो. 6.8 असेल तर एवढ्याने काम भागू शकतं. 9.5 असेल तर भागणार नाही, आणि तो पेशंटचा हलगर्जीपणा नव्हे. घरच्यांनी त्याच्या प्रत्येक घासावर नजर ठेवू नये.

माझ्या दुसऱ्या गोळ्यांमुळे हे होत असेल का?

होऊ शकतं. रक्तदाबाच्या बऱ्याच जोडगोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारं औषध असतं. ते युरिक ॲसिड अडवून धरतं. आपल्या दुकानदाराच्या गोळीत हेच निघालं. डॉक्टरांनी ती बदलून लोसार्टान दिलं, जे रक्तदाबाबरोबर युरिक ॲसिडही थोडं उतरवतं. सहा आठवड्यांनी आकडा 8.7 वरून 7.9 झाला.

टीबीच्या उपचारातल्या पायराझिनामाइडनेही आकडा हमखास चढतो. तो दिसला म्हणून टीबीची औषधं कुणी सोडू नयेत, सांधे दुखले तर टीबीच्या डॉक्टरांना सांगावं. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिनची छोटी गोळीही युरिक ॲसिड थोडं वाढवते, पण ती बंद करायची नाही. अंगठ्यासाठी हृदय पणाला लावण्यात अर्थ नाही.

ॲलोप्युरिनॉल कुणाला लागतं, आणि ते सुरू केल्यावर उलट अटॅक का येतो?

वर्षात दोन किंवा जास्त अटॅक, कातडीखाली खडूसारख्या गाठी, किंवा सांध्याची हाडं खराब झालेली दिसणं, यांपैकी काहीही असेल तर युरिक ॲसिड उतरवणारं हे रोजचं औषध नक्की लागतं. पहिलाच अटॅक असला तरी मूत्रपिंडाचा आजार, मुतखडा किंवा 9 च्या वरचा आकडा असेल तर सुरू करण्याचा विचार करतात. दुकानदाराला पहिल्या वेळी दिलं नाही. सात महिन्यांनी दुसऱ्यांदा अंगठा सुजला तेव्हा ठरवलं.

सुरुवात रोज 100 मिलिग्रॅमने होते, मूत्रपिंड कमजोर असेल तर 50 ने. काही आठवड्यांनी रक्त बघून डोस वाढवायचा. त्यांचा आकडा 100 वर 7.1, 200 वर 6.2 आणि 300 वर 5.4 झाला. तिथे डोस थांबवला. बरेच पेशंट 100 वरच वर्षानुवर्षं राहतात, आकडा 7 वर असतो, आणि मग "गोळी लागू पडत नाही" म्हणतात. गोळी लागू पडते, डोस अपुरा असतो.

पातळी उतरायला लागली की सांध्यातले जुने स्फटिक विरघळून सुटे होतात आणि पहिल्या काही महिन्यांत अटॅक येऊ शकतो. त्यासाठी सोबत कोल्चिसिनची एक गोळी रोज, तीन ते सहा महिने देतात. अटॅक आला तरी ॲलोप्युरिनॉल बंद करायचं नाही, अटॅकचं औषध वेगळं घ्यायचं.

एका बाबतीत मात्र लगेच बंद करायचं. अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले किंवा ताप आला तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांकडे जा. ही रिॲक्शन क्वचित होते, बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत, पण ती गंभीर असते. अशांना किंवा ज्यांना ॲलोप्युरिनॉल सोसत नाही त्यांना फेबुक्सोस्टॅट देतात. हृदयविकार असेल तर ते विचार करूनच.

बायकांना गाऊट होतो का?

पाळी चालू असेपर्यंत क्वचित, कारण इस्ट्रोजेन युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. पाळी गेल्यानंतर होतो, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, आणि अंगठ्याऐवजी हाताच्या बोटांत सुरू होऊ शकतो. म्हणून तो झीज समजून राहून जातो.

ओळखीच्या एकाला वाताच्या पुड्यांनी दोन दिवसांत आराम पडला. घेऊ का?

पुडीवर औषधाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि परवाना क्रमांक आहे का बघा. बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं सापडतं, आणि दोन दिवसांचा आराम बहुधा त्याचाच असतो. महिनोन्‌महिने घेतल्यावर चेहरा सुजतो, साखर वाढते, मूत्रपिंड बिघडतं. असं काही घेत असाल तर अचानक बंदही करू नका, कारण दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब घसरून माणूस कोसळू शकतो. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, काय आणि किती दिवस घेतलं ते न लाजता सांगा, आणि बरोबर क्रिएटिनिन व साखर तपासून घ्या.